दुरुस्ती: अंतराळ स्थानकात गुरुत्वाकर्षण असतं

[कॅमेऱ्यासमोर. पार्श्वसंगीत नाही.]

नमस्कार. 'अंतराळवीर झोपतात कसे?' या माझ्या व्हिडिओत मी एक गोष्ट साफ चुकीची सांगितली होती. आधी ती जशी बोलले होते तशीच ऐका.

[जुनी क्लिप. क्लिपभर ठळक पट्टी: 'हे विधान चुकीचं आहे']

"पृथ्वीपासून ४०० किलोमीटर वर गेलं की गुरुत्वाकर्षण संपतं, म्हणून अंतराळवीर तरंगतात."

[पुन्हा कॅमेऱ्यासमोर]

गुरुत्वाकर्षण तिथे संपत नाही. तरंगण्याचं कारणही ते नाही. म्हणजे एकाच वाक्यात मी दोन चुका केल्या. त्या व्हिडिओतले आकडे मी तपासले होते, हे वाक्य मात्र गृहीत धरलं. चूक माझी आहे आणि ज्यांनी तो व्हिडिओ बघून हेच खरं मानलं, त्यांची मी माफी मागते.

आता बरोबर काय, ते सांगते.

[पडद्यावर: जमिनीवर ९.८ मी/से², ४०० किमी उंचीवर ८.७ मी/से²]

जमिनीवर गुरुत्वत्वरण, म्हणजे पडणाऱ्या वस्तूचा वेग दर सेकंदाला जितका वाढतो ते, साधारण ९.८ असतं. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक ज्या ४०० किलोमीटर उंचीवर फिरतं, तिथे ते ८.७ असतं. फरक एवढाच! कारण गुरुत्वाकर्षण किती ते ठरवणारं अंतर पृथ्वीच्या केंद्रापासून मोजायचं असतं. आपण जमिनीवर उभे असतो तेव्हाच केंद्रापासून जवळपास ६,४०० किलोमीटर दूर असतो. त्यात ४०० ची भर पडून कितीसा फरक पडणार? समजा, ४०० किलोमीटर उंच मनोरा बांधता आला आणि ६० किलोचा माणूस त्याच्या टोकावर वजनकाट्यावर उभा राहिला, तर काटा ५३ किलो दाखवेल. तो माणूस तरंगणार नाही, नीट पाय रोवून उभा राहील. आणि चंद्र तर ३,८४,००० किलोमीटरवर आहे. तिथवर पृथ्वीची ओढ ३,६०० पटींनी क्षीण झालेली असते, तरी चंद्राला कक्षेत धरून ठेवते ती तीच.

मग अंतराळवीर तरंगतात का? कारण ते सतत पडत असतात. त्यांच्यासोबत स्थानकही पडत असतं, त्याच त्वरणाने. भिंत, पेन, पाण्याचा थेंब, माणूस, सगळंच एकत्र पडतंय म्हटल्यावर माणसाला खालून रेटणारं काहीच उरत नाही. वजन जाणवतं ते या रेट्यामुळे. असं पडण्यालाच मुक्त पतन म्हणतात.

[ॲनिमेशन: पृथ्वीची वक्र कड, तिच्यावरून पुढे जाणारं स्थानक]

आता खरी गंमत बघा. स्थानक पडतंय, तर जमिनीवर आदळत का नाही? त्याचा आडवा वेग सेकंदाला सुमारे ७.७ किलोमीटर आहे. एका सेकंदात ते एवढं पुढे जातं आणि त्याच सेकंदात ४ मीटरहून थोडं जास्त खाली पडतं. पण पृथ्वी गोल आहे. तेवढ्या अंतरात तिचा पृष्ठभागही तितकाच खाली वळलेला असतो. त्यामुळे उंची तेवढीच राहते आणि सुमारे ९० मिनिटांत एक फेरी पूर्ण होते. उंच डोंगरावरून पुरेशा वेगाने तोफगोळा सोडला तर तो पृथ्वीभोवती फिरत राहील, हे न्यूटनने सतराव्या शतकातच मांडलं होतं. आणि गुरुत्वाकर्षण खरंच संपलं असतं, तर स्थानक सरळ रेषेत निघून गेलं असतं. माझं जुनं वाक्य इथेच कोसळतं.

मुक्त पतनासाठी अंतराळात जायलाही लागत नाही. जर्मनीत ब्रेमेन इथे एक उंच मनोरा आहे. त्याच्या आत हवा काढून घेतलेली नळी आहे, तिच्यात सुमारे ११० मीटर पडता येतं. प्रयोगाचं सामान भरलेली कुपी वरून सोडली की साधारण पावणेपाच सेकंद आतलं सगळं वजनरहित असतं, तेही जमिनीवरच.

एक बारकावा सांगायला हवा. स्थानकातली वजनरहित अवस्था अगदी शंभर टक्के नसते. त्या उंचीवरही हवेचा अतिविरळ थर आहे, त्याचा किंचित अडथळा होतो. त्यामुळे स्थानक हळूहळू खालीही येत जातं आणि अधूनमधून इंजिनं चालवून त्याला परत वर न्यावं लागतं.

[पडद्यावर: 'काय बदललं']

जुन्या व्हिडिओतला तो भाग मी कापून टाकला आहे आणि वर्णनात पहिल्याच ओळीत ही दुरुस्ती लिहिली आहे. त्याचा छोटा तुकडा वेगळा टाकला होता, त्यात फक्त हेच चुकीचं वाक्य होतं, म्हणून तो काढून टाकला. भिंतीला बांधलेल्या झोपायच्या पिशव्या, हाडं झिजू नयेत म्हणून रोजचा व्यायाम, हे बाकीचं सगळं बरोबर आहे, ते तसंच ठेवलंय.

ज्या शिक्षकांनी तो व्हिडिओ वर्गात दाखवला असेल, त्यांना विनंती आहे की हा व्हिडिओही मुलांना दाखवा. कुणी जुना तुकडा उतरवून पुढे पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा पाठवा. तिथली चूक मला इथून पुसता येत नाही.