संत्र्याच्या बहाराची सोया मेणबत्ती (हातानं बनवलेली, १८० ग्रॅम)

आंबिया बहार फुटला की संध्याकाळी वाडीतून जो वास येतो ना, तो डोक्यात ठेवून हिचा सुगंध निवडलाय. अगदी तसाच आहे असं नाही म्हणणार, पण लाईन गेल्यावर ओसरीत लावून बसलं की आमच्या आईला तरी वाडीच आठवते.

मेण सोयाबीनच्या तेलापासून बनलेलं. आता आमच्याकडे दारव्ह्यात सोयाबीन पेरतात सगळेच, पण हे मेण काही आमच्या वावरातलं नाही बरं, तयार चुरा विकत आणतो, घरी वितळवतो, सुगंध मिसळून काचेच्या ग्लासात ओततो, वात सुती. सुगंधी तेलही विकतचंच, संत्र्याच्या फुलांपासून काढलेलं नाही.

घरी तीन जाळून पाहिल्या, ३६ ते ४० तास चालल्या. पंखा सुरू असला की लवकर संपते.

पहिल्यांदा लावाल तेव्हा वरचं मेण ग्लासच्या कडेपर्यंत वितळू द्या, दोन-अडीच तास लागतात, नाहीतर मधेच खड्डा पडतो. वात दरवेळी अर्धा सेंटीमीटर ठेवून कापा, लांब राहिली की काजळी धरते. वरून पांढुरके डाग दिसले तर खराब नाही, सोया मेणाचं असंच असतं.

मोठ्या हॉलमधे वास कमी जाणवेल, खोलीत चांगला येतो. एप्रिल-मेमधे पाठवत नाही, आपल्या उन्हात गाडीतच पाणी होते तिचं.

किंमत ३२० रुपये, कुरिअर वेगळं.