गढूळ पाणी मदतवाहिनी, मुंबई: फोनवर ऐकू येणारा मजकूर

फोन उचलल्यावर

नमस्कार. नळाला गढूळ किंवा वास येणारं पाणी आलं असेल, तर इथे मदत मिळेल. सध्या ते पाणी पिऊ नका, बाळाला देऊ नका, त्यानं दातही घासू नका.

घरात कुणाला जुलाब किंवा उलट्या होत असतील, तर १ दाबा.
प्यायचं पाणी आत्ता कसं करायचं, त्यासाठी २ दाबा.
घाण कुठून येते ते शोधण्यासाठी ३ दाबा.
महापालिकेत तक्रार करण्यासाठी ४ दाबा.
हेच पुन्हा ऐकायचं असेल तर शून्य दाबा. शून्य कधीही चालतं.

१ दाबल्यावर

माणूस ग्लानीत असेल, डोळे खोल गेले असतील, सहा-आठ तास लघवी झाली नसेल किंवा शौचातून रक्त पडत असेल, तर पुढचं ऐकू नका. फोन ठेवा आणि १०८ लावा. पुन्हा सांगतो: एक, शून्य, आठ.

यातलं काही नसेल तर ओआरएस द्या. आधी पाकीट उलटून बघा. त्यावर एक लिटर लिहिलं असेल, तर उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात अख्खं पाकीट टाका. दोनशे मिलिलिटर लिहिलं असेल, तर पाणी एक पेलाभर, म्हणजे दोनशे मिलिलिटरच. मोठं पाकीट पेलाभर पाण्यात टाकलं तर मीठ जास्त होतं आणि लहान मुलाला त्याचा त्रास होतो.

पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा. आकडे पुन्हा: साखर सहा, मीठ अर्धा.

दोन वर्षांखालच्या बाळाला प्रत्येक जुलाबानंतर पाव ते अर्धा कप, चमच्याचमच्यानं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा आणि आणखी सावकाश पाजा. अंगावरचं दूध बंद करू नका. उरलेलं पाणी चोवीस तासांनी ओतून द्या.

पुन्हा ऐकण्यासाठी शून्य. मागे जाण्यासाठी स्टार.

२ दाबल्यावर

तीन कामं आहेत. पहिलं, पाणी स्वच्छ सुती फडक्याची चार घडी करून गाळा. दुसरं, खदखदून उकळी येऊ द्या आणि त्यानंतर एक मिनिट पूर्ण उकळा. नुसती वाफ दिसली की गॅस बंद करू नका. तिसरं, त्याच भांड्यात झाकून गार करा. हंड्यात ओतलंत आणि हंडा आधीच्या पाण्याचा असेल, तर उकळणं फुकट गेलं.

तुरटी फिरवून पाणी नितळ दिसतं, पण तुरटीच्या भरवशावर राहू नका. गाळ खाली बसला तरी जंतू उरतात. क्लोरीनची गोळी वापरत असाल, तर पाकिटावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यात टाका आणि अर्धा तास थांबा. पाण्याला रॉकेलचा किंवा रंगाचा वास असेल, तर उकळूनही उपयोग नाही. ते पाणी टाकूनच द्या.

पुन्हा ऐकण्यासाठी शून्य. मागे जाण्यासाठी स्टार.

३ दाबल्यावर

दोन काचेचे पेले घ्या. पाण्याच्या वेळेला एक पेला महापालिकेची लाईन सोसायटीच्या खालच्या टाकीत पडते तिथून भरा. दुसरा तुमच्या स्वयंपाकघरातल्या नळाचा. दोन्ही पांढऱ्या कागदावर ठेवून बघा.

पहिला नितळ आणि दुसरा गढूळ असेल, तर दोष टाकीत किंवा इमारतीच्या पाइपात आहे. सेक्रेटरींना सांगा. दोन्ही टाक्या रिकाम्या करून घासून घ्यायला हव्यात, खालचीही आणि गच्चीवरचीही. एकच धुतली तर दुसरीतली घाण परत येते.

दोन्ही गढूळ असतील, तर दोष बाहेर, रस्त्यातल्या लाईनला. पाणी बंद झालं की पाइपातला दाब उतरतो आणि फुटक्या जागेतून शेजारच्या गटाराचं पाणी आत ओढलं जातं. म्हणूनच पाणी आल्यावरचं सुरुवातीचं पाणी सर्वांत वाईट असतं. लाईनला थेट पंप लावून पाणी खेचलं की ही ओढ वाढते. तुमच्या सोसायटीत तसा पंप असेल, तर आजच बंद करा.

पुन्हा ऐकण्यासाठी शून्य. मागे जाण्यासाठी स्टार.

४ दाबल्यावर

कागद-पेन घ्या, आम्ही पाच सेकंद थांबतो.

महापालिकेचा नंबर: एक, नऊ, एक, सहा. पुन्हा: एक, नऊ, एक, सहा. पूर्ण पत्ता, पाणी किती वाजता आलं आणि किती वाजता बिघडलं ते सांगा. शेजारच्या इमारतीतही तसंच असेल तर तेही सांगा, गळती शोधायला त्याचा उपयोग होतो. तक्रार क्रमांक घ्या, लिहा आणि त्यांना परत वाचून दाखवा.

तपासणीसाठी म्हणून घरातल्या वापरलेल्या बाटलीत पाणी भरून ठेवू नका. नमुन्याची बाटली निर्जंतुक लागते, नाहीतर बाटलीतलेच जंतू मोजले जातात. कर्मचारी ती घेऊन येतील तेव्हाच भरू द्या.

पुन्हा ऐकण्यासाठी शून्य. मागे जाण्यासाठी स्टार.

चुकीचा आकडा दाबल्यास

तो आकडा इथे नाही. आजारी माणसासाठी १. प्यायच्या पाण्यासाठी २. घाण शोधण्यासाठी ३. तक्रारीसाठी ४.

काहीच न दाबल्यास

आम्ही थांबलो आहोत. आकडा सापडत नसेल तर फोन कानापासून दूर घ्या, कीपॅड उघडा आणि दाबा. घरात कुणी आजारी असेल, तर १.