मंडप, सजावट व भांडी : लग्नाचे दरपत्रक

॥ श्री ॥
सातारा, 12 मार्च 2026

आदरणीय अण्णा,
सप्रेम नमस्कार.

परवा कोरेगाव तालुक्यातल्या तुमच्या मळ्यावर येऊन जागा मोजून गेलो. त्याप्रमाणे शनिवार 9 मेची हळद आणि रविवार 10 मेचं लग्न, मिळून 600 पाहुण्यांचा हिशेब खाली दिला आहे. एकत्रित पॅकेज मुद्दाम दिलेलं नाही. प्रत्येक वस्तूचा दर वेगळा लिहिला आहे, म्हणजे घरात बसून काय ठेवायचं नि काय काढायचं ते तुम्हाला ठरवता येईल. दर दोन्ही दिवस मिळून आहेत, फक्त जनरेटरचा दर दिवसाचा आहे.

मंडप
मुख्य मंडप 60 × 90 फूट, पाइप, सीलिंग, झालर व तिन्ही बाजूंच्या कनातींसह : 5,400 चौ. फूट × ₹9 = ₹48,600
जेवणाचा मंडप 40 × 60 : 2,400 चौ. फूट × ₹7 = ₹16,800
आचाऱ्यांसाठी पत्र्याची शेड 20 × 30 : 600 चौ. फूट × ₹10 = ₹6,000
हिरवी मॅट : 5,400 चौ. फूट × ₹2.50 = ₹13,500
मधल्या वाटेचं लाल कार्पेट : 360 चौ. फूट × ₹5 = ₹1,800

शेडचा दर जास्त दिसेल, पण भट्टीवर कापड मी बांधत नाही. तेल पेटलं तर झालर क्षणात धरते. इथं दोन पैसे वाचवू नका.

स्टेज व सजावट
स्टेज 24 × 16, पायऱ्यांसकट : 4 × 8 च्या 12 फळ्या × ₹550 = ₹6,600
मागचा पडदा, कापड व कृत्रिम फुलं : ₹22,000
प्रवेशाची कमान : ₹6,500
कमान व मुहूर्तमेढीला ताजा झेंडू, निशिगंध, आंब्याची पानं : ₹9,500

ताईंना पूर्ण स्टेज ताज्या फुलांचं हवं होतं. मे महिन्यात सकाळी लावलेली फुलं दुपारच्या फोटोपर्यंत मान टाकतात, म्हणून ताजी फुलं कमानीपुरती ठेवली. बाजारात झेंडू महागला तरी हा आकडा वाढणार नाही.

बैठक व जेवण
प्लास्टिक खुर्च्या : 800 × ₹8 = ₹6,400 (मंडपात 500, जेवणाला 300)
कव्हरच्या खुर्च्या : 100 × ₹25 = ₹2,500
वधूवरांचा सोफा : ₹3,500
दोन जणांचे सोफे : 6 × ₹600 = ₹3,600
गाद्या 20 × ₹30 = ₹600, लोड 20 × ₹15 = ₹300
चौरंग 4 × ₹50 = ₹200, पाट 10 × ₹20 = ₹200
जेवणाची टेबलं : 50 × ₹60 = ₹3,000, कपडा व झालर 50 × ₹30 = ₹1,500

एका टेबलाला सहा माणसं, म्हणजे एका पंगतीला 300 पानं. दोन पंगतींत सगळे उठतात.

भांडी
ताटं 650 × ₹3 = ₹1,950, वाट्या 1,300 × ₹1 = ₹1,300
ग्लास 650 × ₹1 = ₹650, चमचे 700 × 50 पैसे = ₹350
मोठी पातेली 8 × ₹120 = ₹960, कढया 3 × ₹150 = ₹450, पराती 6 × ₹40 = ₹240
झारे, उलथणी, डाव : ₹300
गॅसच्या भट्ट्या 5 × ₹250 = ₹1,250 (सिलिंडर आचाऱ्यांचे)
वाढायच्या बादल्या 16 × ₹15 = ₹240, पाण्याची पिंपं 6 × ₹60 = ₹360

वीज व हवा
एलईडी फोकस 40 × ₹80 = ₹3,200, माळा 60 × ₹40 = ₹2,400
उभे पंखे 20 × ₹150 = ₹3,000, कूलर 10 × ₹600 = ₹6,000
जनरेटर 62.5 केव्हीए : 2 दिवस × ₹7,000 = ₹14,000

डिझेल तुमच्याकडं. लोडप्रमाणे तासाला साधारण 8 ते 13 लीटर जातं. सुरू करताना नि बंद करताना टाकीची पातळी आणि तासांचं मीटर तुमच्या माणसाला दाखवू.

सामान व सजावट एकूण : ₹1,89,750

वाहतूक
गोडाऊनपासून मळा 24 किलोमीटर. आयशरच्या जाऊन-येऊन 6 खेपा × ₹2,600 = ₹15,600. भांडी व फुलांसाठी छोटा हत्ती 2 खेपा × ₹1,200 = ₹2,400. एकूण ₹18,000. चढवणं-उतरवणं यातच आलं, हमाली वेगळी मागणार नाही. ओढ्यावरून गाडी आत आली नाही तर तुमचा ट्रॅक्टर लागेल, तेवढी सोय ठेवा.

मजुरी
उभारणी (7 व 8 मे) : 12 माणसं × 2 दिवस × ₹800 = ₹19,200
उतरवणी (11 मे) : 10 माणसं × ₹800 = ₹8,000
वायरमन : 2 दिवस × ₹1,200 = ₹2,400
कार्यक्रमात हजर राहणारी माणसं : 2 × 2 दिवस × ₹700 = ₹2,800
एकूण ₹32,400. या माणसांचा दोन वेळचा चहा नि जेवण तुमच्याकडं.

सामान, वाहतूक, मजुरी : ₹2,40,150
जीएसटी 18 टक्के : ₹43,227
एकूण : ₹2,83,377

मोडतोड व हरवलेलं
प्लास्टिक खुर्ची ₹550, खुर्चीचं कव्हर ₹180, टेबलाची फळी ₹1,200, ताट ₹160, ग्लास ₹60, वाटी ₹45, चमचा ₹20, फोकस ₹900, पंख्याचं पातं ₹350. मॅट जळाली तर जळालेल्या भागाचे चौ. फुटाला ₹18. पातेल्याला पोचा आला तर ₹100, हरवलं तर त्या दिवशीच्या वजनाच्या भावानं.

झालर उसवणं, कापड विटणं, खुर्ची घासणं ही वापराची झीज, तिचा पैसा घेणार नाही. आधीच तडा गेलेल्या खुर्चीवर आम्ही लाल खूण करून आणतो. वाऱ्यानं मंडपाचं कापड फाटलं तर ते नुकसान आमचं.

मोजणी दोनदा, दोन्ही वेळा तुमच्याच दारात. खुर्च्यांच्या दहा-दहाच्या थप्प्या, ताटांचे पन्नास-पन्नासचे गठ्ठे. उतरवताना आकडा वहीत लिहायचा, घरच्या एकानं सही करायची आणि परतीला तोच कागद पुढं ठेवायचा. गाडी गोडाऊनला पोचल्यावर निघालेली तूट तुमच्या नावावर लावणार नाही. चमचे आणि वाट्या बहुतेक वेळा खरकट्याबरोबर उकिरड्यावर जातात. भांडी घासायच्या जागी घरचं एक माणूस उभं केलंत तर यातले बरेच पैसे वाचतील.

हळदीच्या डागाचं आधीच सांगतो. पांढऱ्या कव्हरवरून तो जात नाही, म्हणून शनिवारी गाद्यांना पिवळ्या खोळी घालू. रविवारी पहाटे आमची माणसं पांढऱ्या चढवतील. पांढऱ्या कव्हरवर हळद दिसली तर कव्हरचे पूर्ण ₹180 लागतील.

तुमच्याकडून
29 एप्रिलनंतर त्या जागेला पाणी देऊ नका. ओल्या रानात खुंट्या धरत नाहीत, आणि वळवाच्या वाऱ्यात सगळा भार खुंट्यांवरच असतो. वारा सुटला की आम्ही आधी कनाती सोडू. त्या वेळी माणसांना मंडपाबाहेर काढायला घरच्यांनी मदत करावी. बांधाकडून गेलेल्या विजेच्या तारेखाली एकही पाइप उभा करणार नाही, त्यासाठी मंडप विहिरीकडं सरकवला आहे. महावितरणचं तात्पुरतं कनेक्शन तुम्ही घ्यायचं.

मुख्य मंडपावर वॉटरप्रूफ छत हवं असेल तर चौ. फुटाला ₹3 जादा, म्हणजे ₹16,200 आणि त्यावर जीएसटी. माझं मत विचाराल तर घ्या. 5 मेपर्यंत सांगितलं तरी चालेल.

पैसे
नोंदणीला ₹85,000. 8 मेला ₹1,20,000, त्याच दिवशी मोडतोडीची अनामत ₹15,000. उरलेले ₹78,377 परतीच्या मोजणीनंतर. अनामतीतली शिल्लक तिथंच हातात देऊ. 10 एप्रिलपर्यंत कार्यक्रम रद्द झाला तर नोंदणीतले ₹10,000 ठेवून बाकी परत. त्यानंतर नोंदणी परत मिळणार नाही, कारण तोवर त्या तारखेची दुसरी कामं मी सोडलेली असतात.

17 मेपासून अधिक महिना लागतो, त्यामुळं त्याच्या आधीच्या दोन आठवड्यांत सगळ्यांचीच घाई आहे. हे दर 25 मार्चपर्यंत धरून ठेवतो. त्याआधी वस्तू कमी-जास्त करून यादीवर सही करून पाठवा, म्हणजे 9 आणि 10 मे तुमच्या नावानं वहीत चढवतो.

आपला,
मंडप डेकोरेटर