माठ किती थंड होणार? पोस्टरपुढे बोलायचे नव्वद सेकंद

पोस्टरच्या डाव्या कडेला उभं राहा, ग्राफ झाकू नका. टेबलावर दोन थर्मामीटर: एक कोरडा, एकाच्या टोकाला ओलं सुती फडकं, दोन्हींवर छोट्या पंख्याची हवा. फडकं दहा मिनिटं आधी भिजवा, तेही खोलीत ठेवलेल्या पाण्याने. थंड पाणी वापरलं तर सुरुवातीचा आकडा खोटा खाली येतो. फडकं वाळत आलं की आकडा हळूच वर सरकतो आणि पाहुणा तोच वाचतो. दर अर्ध्या तासाने फडकं तपासा आणि दोन्ही आकडे चिठ्ठीवर लिहा.

०–२० सेकंद (थर्मामीटरकडे हात)

"नमस्कार. हे दोन्ही थर्मामीटर एकाच हवेत आहेत. उजव्याला फक्त ओलं फडकं गुंडाळलंय. दोन्ही आकडे वाचता का?" (थांबा. आकडा पाहुण्याच्याच तोंडून येऊ द्या.) "उजवा कमी दाखवतोय. आज इथे पाण्याचा माठ भरून ठेवला, तर तो जास्तीत जास्त कुठवर थंड होऊ शकेल, हे हा उजवा आधीच सांगतो."

२०–५० सेकंद (पहिला ग्राफ)

"पाणी मातीच्या छिद्रांतून झिरपतं आणि बाहेरून उडून जातं. उडायला लागणारी उष्णता आतल्या पाण्यातून जाते. हे तपासायला सहा माठ घेतले, प्रत्येकात पाच लिटर पाणी. तीन साधे, तीन बाहेरून ऑइल पेंट लावून छिद्रं बुजवलेले. हवा ३६ अंश, आर्द्रता ३० टक्के. पाणीही सुरुवातीला ३६ अंशांवर. चार तासांत साध्या माठांतलं पाणी २६ वर आलं. रंगवलेल्यांत ते ३५.५ वरच राहिलं."

५०–७५ सेकंद (दुसरा ग्राफ)

"मग तेच माठ दमट खोलीत ठेवले. ३० अंश, ८० टक्के आर्द्रता. आता साधा माठ २८ वर अडला, म्हणजे दोनच अंश उतरला. ही तुटक रेघ ओल्या थर्मामीटरची: कोरड्या हवेत २३, दमट हवेत २७. पाणी एकदाही या रेघेखाली गेलं नाही."

७५–९० सेकंद

"म्हणून माठ गार करत नसेल तर आधी हे दोन थर्मामीटर बघायचे. त्यांच्यातला फरक मोठा असूनही पाणी गार होत नसेल, तर माठाची छिद्रं बुजलेली असण्याची शक्यता मोठी. ग्राफ जवळून बघायचाय की वजनाचा तक्ता दाखवू?"

शेवटचा प्रश्न गाळू नका. नुसतं "काही प्रश्न?" विचारलं की बहुतेक लोक मान हलवून पुढे जातात. मध्येच कोणी येऊन थांबलं तर पहिल्यापासून सुरू करू नका, नजरेने सामील करून घ्या आणि दुसऱ्या ग्राफवर दोघांना एकदम आणा. वेळ हातातून निसटतो तो २०–५० मध्ये, बाष्पीभवन समजावत बसल्याने. तिथे फक्त लिहिलेली वाक्यं बोला, बाकीचं प्रश्नोत्तरात येतंच.

घाईतल्या माणसासाठी: "माठ किती गार होणार हे हवेच्या कोरडेपणावर ठरतं. कोरड्या हवेत दहा अंश उतरला, दमट हवेत दोन. किती उतरेल याची मर्यादा हा ओल्या फडक्याचा थर्मामीटर दाखवतो."

प्रश्न आले तर

"रेघ २३ ची, मग पाणी २६ वरच का थांबलं?" हा सगळ्यांत चांगला प्रश्न, इथे वेळ द्या. माठ बाहेरून सतत उष्णता घेत असतो: थोडी हवेतून, थोडी भिंती आणि छताकडून येणाऱ्या उत्सर्जनातून. बाष्पीभवनाने जाणारी आणि बाहेरून येणारी उष्णता जिथे सारखी होते तिथे पाणी थांबतं. पंख्याचा तिसरा ग्राफ दाखवा: झोत लावल्यावर तेच पाणी २४.५ वर गेलं. वाऱ्याने बाष्पीभवन वाढतं आणि हवेतून येणारी उष्णताही वाढते, पण भिंतींकडून येणारा वाटा जवळपास तेवढाच राहतो. म्हणून पाणी रेघेच्या जवळ सरकतं. टेबलावरच्या ओल्या थर्मामीटरलाही पंखा त्यासाठीच आहे.

"किती पाणी वाया जातं?" सहा तासांत २८० ग्रॅम. समोरचा रस घेत असेल तर कागदावर करून दाखवा: ५ किलो × ४.१८ × १० अंश = २०९ किलोज्यूल. एक किलो पाणी उडायला या तापमानांना सुमारे २,४३० किलोज्यूल लागतात, म्हणजे नुसत्या थंडाव्याला ८६ ग्रॅम पुरले असते. उरलेलं पाणी आत शिरणारी उष्णता परतवण्यात गेलं. माठाच्या मातीलाही थोडा वाटा जातो, तो या हिशेबात धरलेला नाही. विचारलं तर स्पष्ट सांगा.

"रंगामुळेच उष्णता जास्त शोषली गेली नसेल?" माठ सावलीत होते, ऊन पडलंच नाही. अवरक्त किरणांच्या बाबतीत ऑइल पेंट आणि भाजलेली माती जवळपास सारखीच वागतात. शिवाय रंगवलेल्या माठांचं वजन जेमतेम घटलं.

"सहा माठांवरून एवढं बोलायचं?" बचावात जाऊ नका. तीन साध्या माठांत आपसांत फरक ०.७ अंश, साधे आणि रंगवलेले यांत ९.५. म्हणून छिद्रांचा परिणाम ठामपणे सांगता येतो. पण सगळे माठ एकाच भट्टीतले, त्यामुळे "कुठलाही माठ दहा अंश उतरवतो" असं वाक्य तोंडातून जाऊ देऊ नका. प्रोब वितळत्या बर्फात तपासले तेव्हा ०.३ अंशाच्या आत होते, हेही इथेच सांगा.

"छिद्रं कशाने बुजतात?" पाणी उडून जातं, त्यातले क्षार बाहेरच्या बाजूला साचतात. जड पाण्याच्या माठावर पांढरा थर दिसतो तो हाच. ब्रशने घासा, साबण लावू नका, तो छिद्रांत शिरतो. नमुन्याचा माठ हातात द्या, बोटाला पावडर लागते.

"बाहेरून ओलं कापड गुंडाळलं तर?" छिद्रं मोकळी असतील तर फार फरक पडू नये, पृष्ठभाग आधीच ओला असतो. बुजलेली असतील तर कापडच ओला पृष्ठभाग होतं आणि फायदा दिसायला हवा. हे आम्ही मोजलेलं नाही, एवढं सांगून थांबा.

"यात दूध, शिजवलेलं अन्न टिकेल?" नाही, हे ठामपणे सांगा. नासणारे पदार्थ ५ अंशांखाली ठेवावे लागतात आणि माठ तिथवर कोरड्या उन्हाळ्यातही जात नाही.

लहान मूल आलं तर ग्राफ सोडा. मनगटावर पाण्याचा थेंब लावून फुंकर मारायला सांगा, मग कोरड्या मनगटावर, आणि फरक त्यालाच सांगू द्या.

उत्तर येत नसेल तर प्रश्न चिठ्ठीवर पाहुण्यासमोरच लिहून घ्या आणि पाळी बदलताना चिठ्ठी पुढच्या माणसाच्या हातात द्या.