निळी फाइल

आमच्या घरी लाकडी कपाटाच्या वरच्या खणात एक निळी फाइल आहे. तिच्यात काय आहे ते या लेखात नाही. लेकीचं नाव, ती आली तेव्हाचं वय, कुठून आली, आमचा गाव, यातलंही काही नाही. आधीच सांगितलेलं बरं, कारण दत्तकाबद्दल कुणी लिहिलं की माणसं नेमकं तेवढंच शोधत वाचतात. वाट पाहण्याच्या काळात मीही दुसऱ्यांचं लिहिलेलं तसंच वाचायची.

वाट पाहणं मात्र माझं आहे, ते सांगते. दत्तकाचं काम पाहणाऱ्या सरकारी 'कारा'च्या पोर्टलवर नोंदणी केली, कागद चढवले, समाजसेविका घरी येऊन गेली. तिच्या गृहअभ्यासासाठी मी दोन दिवस खपून माळा झाडून काढला होता. तिने माळ्याकडे मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. 'तुमचं भांडण झालं की आधी कोण बोलतं?' एवढं मात्र विचारलं. नवरा म्हणाला, 'सासूबाई. म्हणजे हिच्या.' त्याची आई शेजारीच बसली होती. समाजसेविकेने हसत काहीतरी लिहून घेतलं.

गृहअभ्यासाचा अहवाल तीन वर्षं चालतो असं कळल्यावर आम्हाला गंमत वाटली होती, एवढा वेळ कशाला लागेल! नंतर यादीतला आमचा क्रमांक मी रोज सकाळी चहाआधी बघू लागले. कधी पाच-सात पायऱ्या पुढे, कधी महिना-महिना जागच्या जागी. तीन चवथी आल्या आणि गेल्या. दर वर्षी गणपतीच्या वर टांगायच्या माटोळीला कांगलां, आंबाडे, तोरंजन बांधताना कुणीतरी काकी म्हणायचीच, 'पुढल्या वर्षी घरात मूल असेल बघ.' मी सुतळीची गाठ जरा जास्तच आवळायची.

मग एका संध्याकाळी फोनवर संदेश आला. एक फोटो, मुलीचा अभ्यास अहवाल, वैद्यकीय अहवाल. तिला राखून ठेवायचं की नाही हे ठरवायला 48 तास.

सासूबाई म्हणाल्या, 'देवाला कौल लावूया.' गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी: देवाच्या मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवतात, भटजी गाऱ्हाणं घालतात आणि कुठल्या बाजूची पाकळी पडते त्यावरून होकार-नकार समजतात. आमच्याकडे सोयरीक, विहीर, नवं घर, सगळं असं विचारून झालेलं आहे. माझं लग्नही. त्यामुळे त्यांचं म्हणणं जगावेगळं नव्हतं. मी विचारलं, 'आणि पाकळी भलत्या बाजूची पडली तर?' त्या नारळ खवत होत्या. अर्धी करवंटी खवून होईपर्यंत काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, 'तू डॉक्टरांना विचार आधी. देवाला मागाहून सांगू.'

डॉक्टरांनी अहवाल दोनदा वाचला. काय म्हणाले ते निळ्या फाइलीतलं. तिसाव्या तासाला आम्ही होकाराचं बटण दाबलं. नवऱ्याचा अंगठा थरथरत होता म्हणून मी दाबलं, की माझा थरथरत होता म्हणून त्याने, यावर आमच्यात आजही एकमत नाही. पुढचे कागद, भेट, जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश (पूर्वी तो कोर्टातून यायचा, 2022 पासून जिल्हाधिकारी देतात), हे सगळं झालं. कागदांचं कौतुक मला नाही.

त्यानंतरचं सांगायला जड जातं. 'पाहिलं आणि पोटात कालवलं' असं माझं झालं नाही. पहिले काही महिने मला ती पाहुण्यांची मुलगी वाटायची. चांगली, गोड, आणि कधीतरी तिचे लोक येऊन घेऊन जातील अशी. ती झोपली की मी न्हाणीघरात नळ सोडून रडायची. कुणाला सांगणार? एवढी वर्षं जिच्यासाठी थांबलो ती आली, आता काय रडतेस, असंच ऐकावं लागलं असतं. ती आल्यापासून दोन वर्षं, दर सहा महिन्यांनी समाजसेविका भेटीला यायची. पहिल्या भेटीत मी 'सगळं छान' म्हणून भजी तळून घातली. दुसऱ्या भेटीत खरं सांगून टाकलं. ती म्हणाली, 'बहुतेक आया दुसऱ्याच भेटीत सांगतात.' त्या एका वाक्यावर मी पुढचे सहा महिने काढले.

कधी बदललं ते सांगता येत नाही, पण कळलं कधी ते सांगते. जूनमध्ये वीज गेली होती, बाहेर धो धो पाऊस. आतून तिची हाक आली, 'आईऽऽ, स्वयंपाकघरात पाल आलीय!' आणि मी मेणबत्ती शोधता शोधता वैतागून ओरडले, 'येते गोऽऽ, पालीला काय आरती ओवाळू?' ओरडून झाल्यावर थबकले. पाहुण्यांच्या मुलीवर कुणी असं खेकसत नाही.

आता माझी चूक. ती आल्यावर महिन्याभरात एका नातेवाईक बाईने मायेने चौकशी केली आणि मी फाइलीतली एक गोष्ट, एकच, तिला सांगितली. तीन आठवड्यांनी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात, मी जिला जेमतेम ओळखते अशा बाईने लेकीच्या देखत तीच गोष्ट मला मीठमसाला लावून ऐकवली. वर 'नशीबवान गो चेडूं' म्हणून तिचा गालही ओढला. मी चुरमुऱ्यांची पिशवी तिथेच विसरून आले. त्या बाईचा राग कधीच निवला. स्वतःचा निवलेला नाही. ती गोष्ट जगात पहिल्यांदा माझ्या लेकीने ऐकायला हवी होती, आणि तिच्याआधी ती बाजाराला कळली.

तेव्हापासून आमचं उत्तर ठरलेलं: 'ते तिचं आहे. मोठी झाल्यावर तिला वाटलं तर सांगेल.' दत्तक आहे हे आम्ही लपवत नाही, तिला पहिल्यापासून ठाऊक आहे. घरात तो शब्द आमटी-भातासारखा वापरतो. शाळेत वंशवृक्ष काढायचा होता तेव्हा तिनेच आम्हाला सांगितलं की झाडाला मुळं दोन बाजूंना असली तरी चालतात, आणि वडाचं चित्र काढलं. (हे छापायला तिची परवानगी आहे. चित्र द्यायला नाही.)

भीती संपलेली नाही. अठरा पूर्ण झाल्यावर ती स्वतःच्या मुळांचा शोध घेण्यासाठी एकटीने अर्ज करू शकते. त्याआधी हवा असेल तर आम्हाला सोबत घेऊन. ती हे करेल तेव्हा मी फाइल काढून देईन आणि गाडीही चालवेन, असं मी सगळ्यांना सांगते. रात्री मात्र मनात येतं की तिने विचारूच नये. हा माझा कोतेपणा आहे, तिच्यावर त्याचा भार नको म्हणून इथे लिहून ठेवते.

सासूबाई देवाला सांगायला गेल्या, तिला घेऊन. गोत्र विचारल्यावर म्हणाल्या, 'आमचंच,' आणि पुढे सरकल्या.

हा लेख पाठवण्याआधी तिला वाचून दाखवला. तिने एक वाक्य पूर्ण काढायला लावलं. ते कुठून गेलं हे ओळखता येणार नाही, एवढी शिवण मी नीट घातली आहे. शिवाय म्हणाली, तो बेडूक नव्हता, पाल होती. मला अजूनही बेडूकच आठवतो, पण वर पाल केली आहे.