पत्ते क्लबच्या कोजागिरी स्नेहमेळाव्यातील स्वागताचे भाषण

नमस्कार मंडळी!

सावंतवाडीकर तर आहातच, पण कुडाळ, वेंगुर्ले, पणजीहून आलेले, आणि खास आजच्या रात्रीसाठी मुंबईहून कोकणकन्येने आलेले आपले जुने सभासद, सगळ्यांचं क्लबतर्फे मनापासून स्वागत. सकाळी सावंतवाडी रोडला उतरून घरी आंघोळ करायच्या आधी ज्यांनी फोन करून "माझा जोडीदार आला का?" असं विचारलं, त्यांचं जरा जास्तच स्वागत. तुमचा जोडीदार आला आहे. तुमचा प्रतिस्पर्धीही आला आहे, आणि त्याने तुमच्याआधी फोन केला होता.

आज कोजागिरी. जागायची रात्र, आणि जागायचं तर पत्त्यांसारखं साधन नाही. आतल्या चुलीवर मसाला दूध आटतंय, वडे बाराच्या सुमारास येतील. पान टाकायची वेळ आली की हाताला तेल लागलेलं नसावं एवढी विनंती आहे. गेल्या वर्षी चौकटच्या राणीला चटणी लागली आणि पुढचे सगळे डाव ती राणी कोणाच्या हातात आहे हे अख्ख्या टेबलाला पाठीमागूनच कळत होतं.

आता आपल्या दोन टेबलांविषयी बोलायलाच हवं. खिडकीचं टेबल आणि दाराचं टेबल. नव्याने आलेल्या मुलामुलींना वाटेल, बसायच्या जागा आहेत, त्यात काय एवढं? बाळांनो, खिडकीवाले मेंढीकोट खेळतात ते कट हुकमाने आणि दारवाले खेळतात ते बंद हुकमाने. खिडकीवाल्यांच्या मते हुकूम लपवून ठेवणं हा भित्रेपणा. दारवाल्यांच्या मते कट हुकूम म्हणजे नशिबाचा खेळ, त्यात डोकं लागत नाही. हा वाद मिटवायला कमिटीने मध्यंतरी एक बैठक बोलावली. बैठकीत पत्ते निघाले, आणि वाद होता तिथेच राहिला. माझं स्वतःचं मत विचाराल तर दोन्ही खेळांत डोकं लागतं, आणि आपल्याकडे दोन्ही टेबलांवर ते भरपूर आहे.

यंदाच्या गणपतीतला डाव ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. खिडकीचं टेबल. एका बाजूला मास्तर आणि डॉक्टर, समोर वकीलसाहेब आणि आमच्या काकू. दोन मेंढ्या इकडे, दोन तिकडे. हात सहा-सहा. बारावा हात मास्तरांनी ओढला, म्हणजे उतारी त्यांची. हुकूम केव्हाच संपलेला. वकीलसाहेबांच्या हातात बदामाचा एक्का. अशी मान ताठ करून बसले होते, जणू निकाल लागलाच. मास्तरांनी चष्मा पुसला, पान कपाळाला लावलं आणि टेबलावर ठेवलं: इस्पिकची दुर्री! इस्पिक दुसऱ्या कोणाकडेच उरलं नव्हतं. दुर्रीने एक्का नेला, डाव नेला. वकीलसाहेब तो एक्का बराच वेळ उलटसुलट करून बघत होते. तेव्हापासून बाजारात मास्तर दिसले की वकीलसाहेब रस्ता बदलतात म्हणे. मी चौकशी केली, तसं काही नाही. ते थांबतात, नमस्कार करतात आणि त्या डावात नववा हात कसा चुकला हे पुन्हा एकदा समजावून सांगतात. मास्तर दर वेळी पूर्ण ऐकून घेतात. इतका धीर त्यांनी वर्गातल्या मुलांनाही दाखवला नसेल.

दाराच्या टेबलावर सासू-सून समोरासमोर आहेत, आणि जोडीदार म्हणून नव्हे! सूनबाईंनी आजींची दश्शी हुकमाने कापली त्या दिवशी घरी जेवायला काय मिळेल याची आम्हांला काळजी वाटली होती. आजींनी घरी जाऊन तिच्यासाठी घावणे केले, आणि दुसऱ्या दिवशी सलग तीन डावांत तिला मेंढीकोट दिला. आजींचं वाक्य आता क्लबात सगळ्यांच्या तोंडी आहे: "रे मेल्या, पान टाक, विचार घराक जाऊन कर!" ते वाक्य त्या माझ्याकडे बघून म्हणतात तेव्हाही गोडच लागतं.

ब्रिजवाली चौकडी वरच्या खोलीत बसते आणि खाली काय चाललंय याच्याशी आपला संबंध नाही असं दाखवते. त्यांचा मात्र एक मुद्दा मला शंभर टक्के पटतो. २०१८ च्या जकार्ता एशियाडमध्ये प्रणब बर्धन आणि शिबनाथ सरकार या जोडीने ब्रिजमध्ये भारताला सुवर्णपदक मिळवून दिलं, तेव्हा बर्धन साठ वर्षांचे होते. तेव्हा "या वयात काय पत्ते कुटता" असं घरी कोणी म्हणालं तर हे उत्तर जवळ ठेवा.

आणि आपलं गाव तर पत्त्यांचंच गाव. राजवाड्यात हाताने रंगवलेली गोल गंजिफा आजही तयार होते, ती शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी ही कला पुन्हा उभी केली म्हणून. २०२४ साली तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. पण गंजिफा काचेच्या कपाटात ठेवून तिला नमस्कार करण्यापेक्षा ती खेळावी, असं मला फार वाटतं. म्हणून आज पहिला डाव दशावतारी गंजिफेचा होईल. एकशेवीस पानं, दहा अवतार, प्रत्येकाचा राजा, प्रधान आणि एक ते दहा. खेळणारे तिघे. पाच अवतारांत दश्शी मोठी आणि पाचांत एक्का, त्यामुळे पहिली काही पानं गोंधळ उडेल, उडू दे. दिवसा डाव रामापासून सुरू होतो, रात्री कृष्णापासून. आता रात्र आहे, तेव्हा ज्याच्याकडे कृष्णाचा राजा येईल त्याने सुरुवात करायची. वकीलसाहेब, यात हुकूम नसतो. हरकत घ्यायची असेल तर आत्ताच घ्या.

खिडकीशेजारची ती खुर्ची आज रिकामी आहे. आबा यंदा आपल्यात नाहीत. त्यांची आठवण सर्वांत जास्त कोण काढतं, माहीत आहे? ज्यांच्याशी ते आयुष्यभर भांडले, ते दाराच्या टेबलावरचे आपले भाऊ. आबांनी कोणत्या डावात कोणतं पान दाबून ठेवलं होतं हे भाऊंना तारीखवार पाठ आहे. आबांच्या घरच्यांना ठाऊक नसेल इतकं आबांचं मन त्यांना ठाऊक होतं. कारण समोर बसून इतकी वर्षं ते एकच गोष्ट करत होते, आबांच्या डोक्यात काय चाललंय ते ओळखत होते. भाऊ, ती खुर्ची आज तुमची. तिथून खेळा.

नवीन सभासदांनो, इथे पैसे लागत नाहीत. हरणारी जोडी चहा करते, एवढंच. पानं पिसताना बोला, हात चालू असताना बोलू नका. जोडीदाराला खोकून खूण केलीत तर डॉक्टर खरंच तपासायला उठतात.

आता शेवटची सूचना. आज जोड्या नेहमीच्या नाहीत, चिठ्ठ्या टाकून ठरतील. खिडकीवाल्याला दारवाला मिळेल, सुनेला सासू मिळेल. मास्तर, तुमच्या समोर कोण बसेल मला माहीत नाही, पण वकीलसाहेबांनी मघाशीच चिठ्ठ्यांचा डबा हलवून पाहिला आहे. काकू, डबा मास्तरांपासून फिरवायला घ्या.