काकूंचा पॅन क्रमांक आणि भाडेपावत्यांबाबत

कर्वेनगर, पुणे ५२
दि. ६ जानेवारी २०२५

श्री. विनायक देशमाने काका,
सदरबझार, सातारा

सप्रेम नमस्कार.

फोनवर बोललो असतो, पण आकडे आहेत म्हणून लिहितो. ऑफिसने २० जानेवारीपर्यंत घरभाड्याचे पुरावे मागितले आहेत. मी जुन्या करप्रणालीत आहे, त्यामुळे एचआरएची सवलत मिळते. पण वर्षाचं भाडं एक लाखाच्या वर गेलं की घरमालकाचा पॅन द्यावाच लागतो. आपलं ऑगस्टपर्यंत १४,००० आणि नवीन करारापासून, म्हणजे सप्टेंबरपासून, १४,७०० आहे. मार्चअखेर १,७२,९०० होतात. गेल्या वर्षी तुमच्याकडे मागायला संकोच वाटला आणि फेब्रुवारी-मार्चच्या पगारातून बराच टॅक्स कापला गेला. म्हणून यंदा वेळेत विचारतोय.

एक अडचण आहे. करार काकूंच्या नावावर आहे आणि भाडं मी तुमच्या खात्यात भरतो. अकाउंट्सच्या मॅडमनी नेमकं तिथेच बोट ठेवलं. करारात जे नाव, तेच पावतीवर आणि पॅनवर हवं, असं त्या म्हणतात. तेव्हा पॅन काकूंचा लागेल, सहीही त्यांचीच. भाडं तुमच्या खात्यात त्यांच्या वतीने जमा होतं, अशी ओळ मी प्रत्येक पावतीत टाकली आहे. ती बरोबर आहे ना, एकदा बघा. फेब्रुवारीपासून काकूंच्याच खात्यात भरायचं असेल तर नंबर कळवा, म्हणजे हा घोळच नको.

एप्रिल ते डिसेंबरच्या नऊ पावत्या भरून सोबत पाठवतोय. एकूण १,२८,८००. जूनचं भाडं तुम्ही पुण्याला आला होतात तेव्हा रोख दिलं होतं, आठवत असेल. पाच हजारांवरच्या रोख रकमेला रेव्हेन्यू स्टॅम्प लागतो, म्हणून त्या एका पावतीवर एक रुपयाचा चिकटवला आहे. काकूंची सही त्याच्यावरून जाऊ दे. बाकीचं सगळं यूपीआयने गेलंय, त्याला तिकीट नको. सोसायटीचा मेंटेनन्स मी परस्पर भरतो, तो यात धरलेला नाही.

पॅन दिला की हे भाडं काकूंचं उत्पन्न म्हणून खात्याला दिसणार, हे लपवण्यात अर्थ नाही. मात्र त्यांनी भरलेला महापालिकेचा मिळकतकर वजा होतो आणि उरलेल्यावर ३० टक्के सरसकट वजावट मिळते, खर्चाची बिलं न दाखवता. तुमच्या सीएंना विचारून घ्या. काकूंनी पॅन काढलेलाच नसेल तर तसं लगेच कळवा. मग ऑफिसला त्यांचं नाव-पत्त्यासह घोषणापत्र द्यावं लागेल, त्याचा नमुना मी आणून देतो.

पॅन कार्डाची झेरॉक्स आणि सह्या केलेल्या पावत्या सोबतच्या पाकिटात घालून पाठवा, पत्ता आणि तिकीट लावलेलं आहे. क्रमांक फक्त ऑफिसच्या फॉर्म 12BB मध्ये जाईल. पोस्टाचा भरवसा वाटत नसेल तर संक्रांतीनंतरच्या रविवारी, १९ तारखेला, मी स्वतः साताऱ्याला येतो. तिळगूळही होईल.

बाथरूमचा गळका नळ परवा बदलून घेतला, साडेतीनशे झाले. ते राहू द्या.

काकूंना नमस्कार.

आपला,
सागर लोखंडे

सोबत : नऊ पावत्या, कराराच्या पहिल्या पानाची प्रत, परतीचं पाकीट